तेरा, चार, तेरा

"तेरा, चार, तेरा," असं पुटपुटत ती पिशवीत माती भरायची. पिशवी भरली की दोन बोटांनी माती दाबायची, तळाला एक थाप मारायची आणि रांगेत उभी करायची. मग पुढची पिशवी घ्यायची आणि पुन्हा "तेरा, चार, तेरा."

आमच्या महिला सहकारी रोपवाटिकेच्या चेअरमनबाई पिशव्या मोजायला यायच्या. त्यांची मोजणी तिच्यापाशी आली की बिघडायची. "आवं, तेरामागं चौदा येतं. चार कुठून आणता तुमी?" त्या म्हणायच्या. ती मान वर न करता सांगायची, "मी पिशव्या मोजीतच न्हाई. त्या तुमी मोजा."

मी चौथी शिकलेली बाई आहे. चारचौघांत बोलायचं झालं की माझा घसा सुकतो. हे वहीत लिहिते आहे, कारण वहीसमोर घसा सुकत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, शेजारी बसून वर्षभर काम करतात आणि गेल्यावर कळतं की आपण त्यांच्याकडून काय काय शिकलो.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या अंगाला. तेव्हा दोन वर्षं पाऊस नव्हता. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, त्या वर्षी अर्ध्याहून जास्त गेलं. मागे राहिलेल्या बायांनी संस्था काढली आणि रोपं तयार करायचं काम मिळवलं. कडुलिंब, करंज, बाभूळ. माती, वाळू आणि शेणखत चाळायचं, पिशव्या भरायच्या, बी टोकायचं आणि टँकरचं पाणी झारीने घालायचं. पाणी इतकं मोजून की झारी धुतलेलं पाणीसुद्धा रोपालाच जायचं.

ती गावाच्या खालच्या अंगाला राहायची. तिथे पाच घरं ख्रिस्ती होती. मुलीपणी ती मिशनच्या बोर्डिंगात शिकली होती आणि पुढे गावोगाव फिरून बायांना शास्त्र सांगायची. त्यामुळे पोरं तिला बायबलबाई म्हणायची. मी मावशी म्हणायचे. सुरुवातीला आम्ही बाया आमच्या डब्याला बसायचो आणि ती थोडी लांब बसायची. का, ते तुम्हाला सांगायला नको. पण ऊन वाढलं तसं सावलीचं झाड एकच उरलं आणि सगळ्या तिथेच बसायला लागलो.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड कळायचा, रंग अगदी डोळ्याजवळ धरला तर कळायचा, अक्षर मात्र नाही. एके दिवशी डबा झाल्यावर तिने पिशवीतून जाड पुस्तक काढलं आणि मला म्हणाली, "तुला वाचता येतं म्हणं."

"थोडं येतं मावशी. अडखळत."

"अडखळत वाचलं तर चांगलं. मला आयकायला टाइम मिळतो."

पुस्तकात तीन धागे होते. लाल, हिरवा, पिवळा. ती बोटाने धागा शोधायची, पान उघडून माझ्यासमोर धरायची. लाल धाग्याशी मत्तयाचं शुभवर्तमान, म्हणजे त्याने लिहिलेलं येशूचं चरित्र, तेरावा अध्याय. हिरव्याशी मार्काचं, चौथा. पिवळ्याशी लूकाचं, पुन्हा तेरावा. तेव्हा मला कळलं की ती पिशव्या का मोजत नव्हती. या तीन जागी एकच गोष्ट होती, मोहरीच्या दाण्याची. प्रभू येशूने देवाचं राज्य कशासारखं आहे ते सांगताना ती सांगितली होती.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिन्ही सारखीच वाटली. मी तसं म्हटलं तर तिने पुन्हा वाचायला लावलं. आणि मग पुन्हा. तिसऱ्या दिवशी मला फरक दिसायला लागला, जसा एकाच वाणाच्या रोपांत पानं बघून दिसतो तसा.

मत्तयात माणूस दाणा आपल्या वावरात पेरतो. लूकात तो आपल्या मळ्यात टाकतो. मार्कात माणूसच नाही, दाणा जमिनीत पेरला जातो एवढंच. मत्तय आणि मार्क सांगतात की तो सगळ्या बियांत बारीक असतो. लूक ते सांगतच नाही. आणि शेवट. मत्तयात तो भाज्यांपेक्षा मोठा होऊन झाड होतो. लूकातही झाड होतं. दोघांकडे पाखरं फांद्यांवर येऊन राहतात. मार्कात मात्र झाड हा शब्दच नाही. तिथे तो सगळ्या भाज्यांपेक्षा मोठा होतो, त्याला मोठ्या फांद्या फुटतात आणि पाखरं त्याच्या सावलीत राहतात.

"मावशी," मी एकदा धीर करून म्हटलं, "मोहरीपेक्षा राजगिरा बारीक असतो. खसखस तर त्याहून."

मला वाटलं, रागावेल. ती हसली. "आगं वाचणारे, इतकी वर्सं मी बायांना सांगत फिरले, कुणी इचारलं न्हाई हे. बारीक म्हंजी त्यांच्या वावरात जे पेरतेत त्यात बारीक. बोलायची रीत हाय ती. आपण न्हाई का म्हणत, मोहरीएवढी पुळी आली?"

आणखी एक गोष्ट ती मला घोटून घोटून शिकवायची. मोहरीएवढा विश्वास असला तर डोंगर हलेल, असं एक वचन आहे. मी ते या गोष्टीत मिसळलं. ती लगेच म्हणाली, "ते येगळं. डोंगर मत्तयात सतराव्यात. लूकात सतराव्यातच, पण तिथं डोंगर न्हाई, तुतीचं झाड उपटून दर्यात जातं. दाणा तोच, पर काम दुसरं. तिथं माणसाच्या इस्वासाचं बोलणं हाय, हितं देवाच्या राज्याचं."

आणि जागा ओळखायची खूण तिने सांगितली होती. "मत्तयात अन् लूकात दाण्याच्या लगोलग एक बाई येती, पिठात खमीर लपिवती अन् समदं पीठ फुगतं. मार्कात ती बाई न्हाई. तिथं दाण्याच्या आधी एक शेतकरी हाय. बी टाकतो अन् झोपतो, उठतो, बी आपसूक उगवतं, कसं ते त्याला कळत न्हाई." मग म्हणायची, "मार्कानं बाई काढली अन् झोपलेला बाप्या ठिवला. घरोघरी त्येच."

तिच्या आवडीची गोष्ट हिरव्या धाग्याची होती. सावलीची. तिने रोपवाटिकेच्या कडेने, जिथे पिशव्यांच्या तळातून निथळलेलं पाणी उतरायचं तिथे, दिवाळीनंतर मूठभर मोहरी फेकली होती. सगळं रान करपलेलं, पण ती ओळ हिरवी. फेब्रुवारीत ती आमच्या छातीला आली, शेंगा धरल्या. दुपारी उन्हात चिमण्या यायच्या. फांदीवर बसल्या तर फांदी वाकायची, म्हणून त्या बुडाशी, सावलीतच चोची उघडून बसायच्या. मी तिला सांगायचे, किती आहेत. "खाली बसल्यात का वर?" ती विचारायची. "खाली," म्हटलं की म्हणायची, "म्हंजी मार्कानं बघितलेलं हाय."

दर रविवारी तिच्या अंगणात पाच घरांची पोरं आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या जमायच्या. ती सांगायची, ते ऐकायचे. तिचं म्हणून एवढंच होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, जमीन नव्हती. आठवडाभर माती भरायची ती रविवारच्या त्या दोन तासांच्या जोरावर.

त्याच सुमारास तालुक्याला नवे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. तरुण होते, शिकलेले, मोटारसायकलवर फिरायचे. आमच्या गावात येऊन त्यांनी पोरांना गोष्ट विचारली. एका मुलीने सांगितलं, "मोहरीचा दाणा पेरला, तो सगळ्या भाज्यांपरीस मोठा झाला आन् पाखरं त्याच्या सावलीला आली."

"झाड झाला. पाखरं फांद्यांवर राहिली," पाळकसाहेब म्हणाले.

मुलगी म्हणाली, "न्हाई, सावलीला."

ते चिडले नाहीत. पण जाताना मावशीला बाजूला घेऊन बोलले. ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "म्हणं, बाई, तुम्ही सांगता ते पुस्तकात असेलही. पण तुम्हाला दिसत न्हाई. जो शिकवतो त्याला जागा दाखवता आली पाहिजे. न्हाई तर पोरं पुस्तक शिकतात का तुमचं मन शिकतात, हे कोण तपासणार? येत्या रविवारी दाखवा. न्हाई तर वर्ग गेवराईला नेऊ, महिन्यातून एकदा."

"गेवराईला पोरं जातील का मावशी?"

"एसटीचं तिकीट कोण काढणार? आन् म्हाताऱ्या?" ती म्हणाली. मग पिशवीला थाप मारली. "दाखविते की. धागे हायेत."

आता माझी चूक सांगते. त्या पुस्तकात कसर लागली होती. शनिवारी मी ते घरी आणलं, उन्हात उघडून ठेवलं आणि ते गुंडाळायला जुन्या लुगड्याच्या काठाचा बस्ता शिवला, म्हणजे रविवारी चांगलं दिसेल. वारा सुटला, पानं फडफडली आणि तिन्ही धागे अंगणात पडले. मी घाबरले. कुणाला विचारायचं? शोधून ठेवता आले असते, पण सासूबाई हाक मारत होत्या आणि हातात दुसऱ्यांच्या धर्माचं पुस्तक. अंदाजाने ठेवले. लाल पुढे, हिरवा मध्ये, पिवळा त्यानंतर. मनाला सांगितलं, जवळपास तर असतील. आणि रविवारी सकाळी पुस्तक देताना काही बोलले नाही. बोलायचं राहून गेलं असं नाही, बोलले नाही.

मी परत निघाले होते. मावशी म्हणाली, "बस की. आज तुझंही हाय." मी कुडापाशी, चपलांजवळ बसले.

पाळकसाहेब आले. पोरं ओळीत, म्हाताऱ्या भिंतीला. मावशीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिने बस्ता सोडला, बोटाने हिरवा धागा शोधला, पान डोळ्याजवळ नेऊन रंग पाहिला आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "हे बघा, मार्क. चार. सावली हितं हाय."

त्यांनी वाचलं. "बाई, हा लूक आहे. तिसरा अध्याय. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा. सगळी नावंच आहेत."

एक म्हातारी हसली. तिला बघून पोरंही हसली. मावशीचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. तिने हात पुढे करून पुस्तक परत घेतलं, लाल धागा शोधला, पुन्हा दिलं. "हा मत्तय."

"हे तर अजून जुन्या कराराचं पान आहे," पाळकसाहेब हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. पुस्तक मिटून त्यांनी मांडीवर ठेवलं. "मावशी, म्हणूनच मी म्हणत होतो."

मावशीने पुस्तक मागितलं नाही. लुगड्याच्या पदराची गाठ बोटाने चाचपत बसली. तिला वाटलं असणार की डोळ्यांसारखं डोकंही चाललं. तिच्या हाताकडे बघून मला ते कळलं, आणि तिथे ते मला एकटीलाच कळलं होतं.

मी उठले. काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "धागे माझ्याकडून पडले. मी चुकीचे ठेवले."

सगळ्यांनी वळून बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, "तुम्ही कोण?"

"माझ्यासंगं माती भरती," मावशी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वाचणारी हाय. तिला द्या पुस्तक."

माझ्या हाताला घाम आलेला. पानं चिकटत होती. शुभवर्तमानाची चार पुस्तकं कुठून कुठवर आहेत तेही दिसेना. तेवढ्यात तिने म्हटलं, जसं रोज म्हणायची तसं, कुणाकडे न बघता, "तेरा, चार, तेरा."

मी मत्तय काढला. तेरावा अध्याय लांब आहे, गोष्टीवर गोष्टी आहेत. बी पेरणारा गेला, निदण, म्हणजे गव्हातलं तण, गेलं, मग दाणा. आणि लगेच पिठातली बाई. मी वाचलं. वावर, बारीक, झाड, फांद्या. मग मार्क. चौथ्यात झोपलेला शेतकरी सापडला आणि त्याच्याखाली दाणा. मी अडखळत वाचलं. भाज्यांपेक्षा मोठा, मोठ्या फांद्या, सावली. ती मुलगी ओळीतून म्हणाली, "बगा." तिच्या आजीने तिला कोपर मारलं. मग लूक. मळा, झाड, फांद्या, आणि पुन्हा पिठातली बाई.

"आणि चौथ्यात, योहानात?" पाळकसाहेबांनी मला विचारलं. मी मावशीकडे बघितलं.

"योहानात न्हाईच," ती म्हणाली. "तिथं शोधून दमू नगं."

पाळकसाहेब हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मावशी, जागा यांनी शोधल्या. तुम्ही नाही."

"तिला कुणी शिकिवल्या?" मावशी म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, आणि मला वाटतं ते खरंच विचारत होते, "पोरांनी विचारलं, तीन तऱ्हा का, खरी कोणती, तर काय सांगाल?"

"आमच्या वस्तीतल्या तिघीजणी एका लग्नाला गेल्या अन् आल्या," मावशी म्हणाली. "एक म्हणती, मांडव केवढा. दुसरी म्हणती, सावलीला बसायला जागा व्हती. तिसरी म्हणती, नवरीच्या बापानं समदं परसात केलं. लगीन तर एकच झालं ना? जिला जे लागत व्हतं ते तिनं बघितलं. मत्तयाला झाड दिसलं. मार्काला सावली. आमाला दुष्काळात सावलीच दिसनार."

"आणि अर्थ?"

"दाण्याकडं बगून कुणी म्हणत न्हाई हे मोठं हुईल. ते मातीत जातं, दिसत न्हाई, अन् मग एक दिस परक्या पाखरांना बी जागा हुती. मोठं झालं ह्यात काय, मोठं तर बाभूळबी हुती. कुणाला जागा झाली ते बगायचं."

पाळकसाहेबांनी हातातली डायरी मिटली. मग ते वर्गात बोलतात तसं नाही, घरी बोलतात तसं बोलले. म्हणाले, जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याने गंधसरूच्या मोठ्या वृक्षाचं सांगितलं होतं, देव उंच डोंगरावर लावेल आणि सगळ्या जातीची पाखरं त्याच्या सावलीत राहतील. ऐकणाऱ्यांना तो वृक्ष तोंडपाठ होता. पाखरं म्हटली की त्यांना तोच आठवला असणार. आणि येशूने मोहरी सांगितली.

"म्हंजी लोक डोंगराकडं बघत व्हते," मावशी सावकाश म्हणाली, "अन् यानं बांध दावला."

"हो. आणि लूकाचा मळाही गमतीचा आहे. त्या देशातल्या यहूदी धर्मगुरूंचा पुढे लिहिलेला एक नेम सापडतो की मोहरी वाफ्यात पेरू नये, वावरात पेरावी. ती पसरते. लूक दूरच्या शहरातल्या लोकांसाठी लिहीत होता, त्यांच्याकडे मळ्यात चालत असेल." मग त्यांना आणखी आठवलं. "एक पाचवं पुस्तकही आहे, थोमाच्या नावाचं. इजिप्तच्या वाळूत पुरलेलं सापडलं. आपल्या बायबलात ते नाही, ख्रिस्ती मंडळीने ते घेतलेलं नाही. पण त्यातही हा दाणा आहे. तिथे म्हटलंय, तो नांगरलेल्या जमिनीत पडला की मोठी फांदी फुटते आणि पाखरांना आसरा होतो."

"नांगरलेल्या?" मावशीने मान वर केली. "बगा. घेऊ नगा बायबलात, पर त्याला वावराचं कळत व्हतं. बाकीच्या तिघांनी मशागत कुणी केली ते सांगितलंच न्हाई."

वर्ग गेवराईला गेला नाही. पाळकसाहेबांनी एकच अट घातली, जागा दाखवायला कुणीतरी वाचणारं बसलं पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी कुडापाशीच बसले. घरी सांगितलं की मावशीचं पुस्तक शिवायला जाते. सासूबाई म्हणाल्या, "केवढं पुस्तक हाय गं ते, शिवून संपंना." त्यांना कळलं होतं.

धाग्यांबद्दल मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाली, "ते काढून टाक आता." मी काढले. तिने ते तिन्ही एकत्र पिळले आणि बियाण्यासाठी कापलेल्या मोहरीची पेंढी त्याने बांधली.

ती गेली त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. डोळ्यांचं शिबिर ठरलं होतं, त्याआधी पंधरा दिवस. ताप आला, चार दिवसांत गेली. पाळकसाहेब आले, पाच घरं आली, आणि आम्ही माती भरणाऱ्या सगळ्या गेलो, चेअरमनबाईसुद्धा. कुणी लांब बसलं नाही.

पुस्तक माझ्याकडे आहे. मी धर्म बदललेला नाही, देवघरात जे होतं तेच आहे. पण रविवारी दोन तास मी त्या अंगणात वाचते. अर्थ सांगत नाही, मला येत नाही. कुणी खरी कोणती विचारलं तर तिन्ही वाचून दाखवते.

परवा रोपवाटिकेत एक नवी सून कामाला आली. माझ्याशेजारी बसून पिशव्या भरत होती. थोड्या वेळाने थांबली आणि हळूच म्हणाली, "काकू, तुमचं चुकतंय. तेरामागं चौदा येतं."

मी पिशवीला थाप मारली आणि रांगेत ठेवली. कडेला मोहरी उभी होती. चिमण्या खाली बसल्या होत्या.